नाव तेच, वॅट वेगळे

दुकानाच्या काउंटरवर दोन गेमिंग लॅपटॉप शेजारी ठेवलेले असतात. दोन्हींवर आरटीएक्स ४०६० चं स्टिकर, दोन्हींचा पडदा सारखाच, रॅमही सारखीच. किमतीत मात्र आठ-दहा हजारांचा फरक. चिप तीच आहे म्हटल्यावर स्वस्तातला उचलावासा वाटतो. चिप खरोखरच तीच असते. तिला किती वीज मिळणार, हे मात्र स्टिकर सांगत नाही.

एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ४०६० साठी ३५ ते ११५ वॅट एवढी मोठी मुभा दिली आहे. त्यातला आकडा लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. बारीक, हलकं यंत्र बनवायचं असेल तर ती कमी वॅटवर थांबते, कारण तेवढीच उष्णता तिथून बाहेर काढता येते. वीज कमी मिळाली की चिपचा वेगही खाली येतो. एनव्हिडियाच्याच तक्त्यात या चिपचा बूस्ट वेग १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ असा दिलेला आहे.

आता धाकट्या ४०५० शी तुलना करू. तिच्यात २५६० कोअर आहेत, ४०६० मध्ये ३०७२. गेममधला वेग मोजायला कोअर आणि मेगाहर्ट्झ यांचा गुणाकार पुरेसा नाही, पण अंदाजाला चालतो. भरपूर वीज मिळालेली ४०५० जर २३७० वर धावली आणि उपाशी ठेवलेली ४०६० जर १४७० वर अडकली, तर गुणाकारात ४०५० सुमारे ३४ टक्क्यांनी पुढे जाते! मोठं नाव विकत घेऊन धाकटीपेक्षा कमी काम पदरात पडतं. ४०६० कडे तरीही एक जमेची बाजू उरते: तिच्याजवळ स्वतःची ८ जीबी मेमरी आहे, ४०५० कडे ६. नव्या गेममध्ये चित्राचा तपशील सर्वांत वर ठेवला की हा फरक जाणवतो.

पूर्वी कमी विजेच्या चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ लिहिलेलं असायचं, त्यामुळे निदान शंका तरी यायची. २०२१ मध्ये ३० च्या मालिकेपासून ते शेपूट गेलं आणि सगळ्यांची नावं एक झाली. माझ्या मते ग्राहकाचं यात नुकसानच झालं.

याचा अर्थ जितके वॅट जास्त तितकं चांगलं, असाही नाही. काही जाहिरातींत १४० वॅट दिसतात. त्यातले २५ बहुधा डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसर निवांत असताना त्याच्या वाट्यातून उसने घेतलेले असतात. शिवाय शंभरच्या आसपास पोचल्यावर ४०६० ला वरच्या विजेचा फारसा उपयोग होत नाही. गेममध्ये ती अनेकदा तेवढी वीज ओढतच नाही. म्हणून ११५ आणि १४० यांच्यातल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका. ४५ आणि १०० यांच्यातल्या फरकासाठी मात्र जरूर मोजा.

कागदावरचे वॅट टिकवायचं काम पंख्यांचं आणि तांब्याच्या उष्णतानळ्यांचं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना जोडणाऱ्या नळ्या सामायिक असतात. अशा सांगाड्यात जास्त पैसे देऊन तापट प्रोसेसर घेतला, तर त्याची उष्णता ग्राफिक्स चिपच्याच वाट्याला येते. त्यापेक्षा साधा प्रोसेसर बरा. दुकानात यंत्र उलटं करून गरम हवेच्या जाळ्या पाहा: मागे आणि बाजूला अशा रुंद जाळ्या आहेत, की मागे एकच अरुंद फट? आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरता येत नाही. परीक्षणं बहुतेक वेळा थंड खोलीत होतात. नागपूरच्या मे महिन्यात खोली पंधरा अंशांनी जास्त तापलेली असेल, तर चिपचं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं.

दुकानात चालू लॅपटॉप मिळाला, तर NVIDIA Control Panel मध्ये System Information उघडा. तिथे Maximum Graphics Power या ओळीत वॅट लिहिलेले असतात. घरी आणल्यावर चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडमध्ये एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि मागे ही आज्ञा सुरू ठेवा:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,clocks.gr,temperature.gpu,utilization.gpu --format=csv -l 5
```

दर पाच सेकंदांनी एक ओळ उमटते. सुरुवातीला वॅट चांगले असतील, मग तापमान ८५-८७ अंशांवर जाऊन वॅट आणि मेगाहर्ट्झ घसरू लागले, तर कूलिंग कमी पडतंय. चिप ९५ टक्क्यांहून जास्त व्यस्त आहे, तापमान ६५ च्या आसपास आहे, तरीही वॅट ४५ च्या वर जात नाहीत, तर तो कंपनीनेच घातलेला लगाम आहे. पंखे साफ करून किंवा खाली कूलिंग पॅड ठेवून तो सैल होत नाही. चिप साठ-सत्तर टक्केच व्यस्त असेल, तर तिला दोष देण्याआधी प्रोसेसर अडतोय का, किंवा गेममध्ये फ्रेमची मर्यादा लावलेली आहे का, ते पाहा.

ही चाचणी माल परत करण्याची मुदत संपण्याआधी उरका. आणि पैसे देण्यापूर्वी मॉडेलच्या पूर्ण क्रमांकासह ग्राफिक्स चिपचे वॅट विक्रेत्याकडून लेखी मागा. तो आकडा कंपनीच्या तपशीलपत्रातही सापडत नसेल, तर दुसरं मॉडेल बघा.