फोन बंद, निरोप रवाना

समजा, सॅन होजेत राहणाऱ्या एका बहिणीला 9 ऑगस्ट 2025 ला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, पुण्यातल्या भावाला सकाळी सातच्या ठोक्याला शुभेच्छा पोचवायच्या आहेत. नेमकी त्या वेळी ती सॅन फ्रान्सिस्कोहून दुबईला निघालेल्या विमानात असेल, फोन विमान मोडवर असेल आणि पुढचे पंधरा-सोळा तास तो तसाच राहील. दोघांकडेही आयफोन आहे. मग आदल्या रात्रीच संदेश लिहून, वेळ लावून ठेवला, तर तो जाईल का?

जाईल. आणि तो का जातो हे कळलं, की या सोयीवर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही, हेही उलगडतं.

सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या आयओएस 18 पासून आयमेसेजमध्ये Send Later ही सोय आहे. त्याआधी वेळ लावून संदेश पाठवायचा, तर लोक आयफोनमधल्या शॉर्टकट्स अॅपचा आधार घेत. तिथे अमुक वाजता अमुक माणसाला अमुक मजकूर पाठव, असा ऑटोमेशनचा नियम करून ठेवता येतो. पण तो नियम पाळणारा असतो फोन स्वतः. ठरलेल्या क्षणी फोन बंद असेल, बॅटरी संपलेली असेल किंवा विमान मोड चालू असेल, तर संदेश वेळेवर निघत नाही. Send Later ची रचना मुळातच वेगळी आहे. पाठवण्याचं बटण दाबताच मजकूर एन्क्रिप्ट होऊन अॅपलच्या सर्व्हरवर जातो आणि ठरलेल्या वेळेपर्यंत तिथेच थांबतो. वेळ झाली की सर्व्हर तो पुढे पाठवतो आणि त्यानंतर तो सर्व्हरवरून काढून टाकला जातो. पाठवणाऱ्याचा फोन त्या क्षणी चालू आहे की बंद, याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नसतं.

आता बहिणीचं काम पाहू. ती मेसेजेस अॅपमध्ये भावाचं संभाषण उघडते आणि मजकुराच्या चौकटीशेजारचं + हे चिन्ह दाबते. उघडलेल्या यादीत Send Later दिसलं नाही, तर यादी वर सरकवावी लागते. ते निवडल्यावर चौकटीच्या वर वेळ दिसते. तिच्यावर बोट ठेवून दिवस आणि वेळ ठरवायची, मग मजकूर लिहून नेहमीसारखा पाठवायचा.

इथे एक जागा हमखास चुकायची आहे. फोन वेळ विचारतो ती पाठवणाऱ्याच्या घड्याळातली. पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळी वेळेनुसार कॅलिफोर्नियात आदल्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणून तिला निवडायची आहे 8 ऑगस्टची संध्याकाळ, साडेसहा. घाईघाईत 9 ऑगस्ट, सकाळी सात अशी वेळ लावली, तर भावाला शुभेच्छा मिळतील संध्याकाळी साडेसातला, राखी बांधून, जेवणं आटोपून झाल्यावर. हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली, की हा फरक साडेबाराऐवजी साडेतेरा तासांचा होतो, आणि दिवाळी संपल्यानंतरच्या महिन्यांत वेळ लावणाऱ्यांनी तो पुन्हा मोजायला हवा. दुसरी मर्यादा मुदतीची. संदेश जास्तीत जास्त 14 दिवस आधी लावता येतो. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला सवड मिळाली, म्हणून राखीचा निरोप तेव्हाच लावून मोकळं होता येणार नाही.

संदेश लावला गेला हे ओळखायची खूण सोपी आहे. संभाषणात तो तुटक रेषेच्या चौकटीत दिसतो आणि त्याच्या वर पाठवण्याची वेळ असते. रेषा तुटक आहे तोवर संदेश गेलेला नाही. गेल्यावर त्याचा नेहमीचा भरीव निळा फुगा होतो. बहिणीने ही खूण विमानतळावर, नेटवर्क असताना, एकदा नीट पाहून घ्यावी. कारण संदेश सर्व्हरपर्यंत पोचवण्याच्या क्षणी मात्र इंटरनेट लागतंच. पाठवण्याच्या वेळी फोन ऑफलाइन असणं ही अडचण नाही. वेळ लावताना तो ऑफलाइन असणं ही अडचण आहे.

या सोयीची खरी अडचणीची बाजू इथून सुरू होते. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकल्यावर ते परत घ्यायला पुन्हा पोस्टातच जावं लागतं, तसंच लावलेला संदेश मागे घ्यायला सर्व्हरपर्यंत पोचावं लागतं. संदेशाच्या वरचं Edit दाबलं की तो लगेच पाठवणं, वेळ बदलणं किंवा Delete Message निवडून रद्द करणं, असे पर्याय मिळतात. पण हा बदल सर्व्हरला कळवायला नेटवर्क हवं. आकाशात, वायफाय नसलेल्या विमानात, संदेश रद्द करायची इच्छा झाली, तर हाती काही राहत नाही. गेलेला संदेश दोन मिनिटांच्या आत मागे घेण्याची आणि पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करण्याची आयमेसेजची सोयही फोन जोडलेला नसताना उपयोगाची नाही. विमान उतरेपर्यंत दोन्ही मुदती कधीच टळून गेलेल्या असतात.

राखीच्या शुभेच्छांना यातून काही धोका नाही. पण हीच बहीण जर ‘सुखरूप उतरले, काळजी करू नका’ हा निरोप उतरण्याच्या अपेक्षित वेळेला लावून ठेवेल, तर ते मात्र चुकीचं ठरेल. विमानाला चार तास उशीर झाला, ते दुसऱ्याच शहरात वळवलं, तरी सर्व्हर तो निरोप ठरल्या वेळी पाठवणारच, आणि घरचे निर्धास्त होऊन झोपी जातील. घडलेल्या गोष्टीची ग्वाही देणारा कोणताही संदेश आधी लावून ठेवू नये. रुग्णालयातून, रात्रीच्या गाडीतून, डोंगरातल्या भटकंतीतून जाणाऱ्या निरोपांनाही हेच लागू आहे. आपण ऑफलाइन असलो तरी संदेश जातो, म्हणूनच त्याच्या जाण्यावरून आपण ठीक आहोत असा अर्थ कोणी काढू नये.

भावाच्या बाजूला काय घडतं? त्याचा फोन सकाळी सातला बंद असेल, तरी संदेश हरवत नाही. फोन ऑफलाइन असल्यामुळे न पोचलेले आयमेसेज अॅपलचे सर्व्हर 30 दिवसांपर्यंत राखून ठेवतात आणि फोन जोडला गेला की पोचवतात. बहिणीने दुबईत उतरून नेटवर्क मिळाल्यावर फुग्याखाली Delivered दिसतंय का, ते पाहावं. ते दिसलं, तर संदेश भावाच्या उपकरणावर पोचला. फुगा निळा, भरीव आहे पण खाली Delivered नाही, तर संदेश निघाला आहे आणि बहुधा भावाचाच फोन अजून जोडलेला नाही.

हे सगळं घडतं ते फक्त आयमेसेजवर. भावाकडे अँड्रॉइड फोन असेल, तर संभाषण हिरव्या फुग्यांचं, म्हणजे एसएमएस किंवा आरसीएसचं होतं, आणि तिथे Send Later चालत नाही. कुटुंबाच्या गटात आयफोन नसलेला एकच काका असला, तरी तो अख्खा गट या सोयीबाहेर जातो. भारतातल्या बहुतेक घरांत अँड्रॉइड फोनच असल्यामुळे परदेशातल्या मराठी माणसाला ही अडचण वरचेवर येणार. तिच्याकडे आयफोन एक्सआर, एक्सएस किंवा त्यानंतरचा फोन आणि त्यावर आयओएस 18 किंवा पुढची आवृत्ती हवी. आयफोन 8 आणि एक्स यांना ती मिळालेलीच नाही. अँड्रॉइडवाल्या भावासाठी शॉर्टकट्सचा जुना मार्ग अजून खुला आहे, पण तो साडेसहाला बहिणीचा फोन चालू आणि नेटवर्कमध्ये असेल तेव्हाच. विमानात बसलेल्या बहिणीने त्या भावाला शुभेच्छा विमानात चढण्यापूर्वीच पाठवलेल्या बऱ्या.