गालगुंड : सूज गालावर, घाव इतरत्र

गालगुंड किंवा गालफुगी हा विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य आजार आहे. रोग्याच्या लाळेतून आणि खोकताना-शिंकताना उडणाऱ्या थेंबांतून विषाणू नाका-तोंडात शिरतो. तेथे आणि जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये तो वाढतो, मग रक्तात उतरतो आणि रक्ताबरोबर शरीरभर फिरतो. या सगळ्याला साधारण 16 ते 18 दिवस लागतात, म्हणून शेजारच्या मुलाला गालगुंड झाल्यावर आपल्या घरात तो दिसेपर्यंत दोन-अडीच आठवडे उलटलेले असतात. गाल सुजतो हे खरे, पण आजार केवळ गालाचा नसतो. तो एव्हाना रक्तातून सर्वत्र पोचलेला असतो, आणि पुढच्या गुंतागुंतींचे मूळ यातच आहे.

सूज येते ती कर्णमूल ग्रंथीला. कानाच्या पुढे आणि खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर पसरलेली ही लाळेची सर्वांत मोठी ग्रंथी. आधी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, अन्नावरची वासना उडणे असे होते. मग कानाखाली दुखू लागते. ग्रंथी फुगली की जबड्याचा कोपरा बोटाला लागेनासा होतो आणि कानाची पाळी वर व बाहेर ढकलली जाते. मानेतल्या लसिका ग्रंथी सुजल्या तर जबड्याचा कोपरा असा बुजत नाही; घरच्या घरी ओळखण्याची ही चांगली खूण आहे. लिंबू किंवा चिंच खाल्ल्यावर लाळ सुटते आणि सुजलेल्या ग्रंथीत जोराची कळ येते. बहुतेकांना एका बाजूनंतर एक-दोन दिवसांत दुसरी बाजूही सुजते, आणि आठवडा-दहा दिवसांत सूज ओसरते. नळीतून पू येत असेल तर ते गालगुंड नसून जिवाणूंचे दुखणे असते. जेवणाच्या वेळी सूज वाढून नंतर उतरत असेल तर लाळेच्या नळीतला खडा असू शकतो.

विषाणू मारणारे औषध नाही. प्रतिजैविके येथे निरुपयोगी. पॅरासिटामॉल, मऊ खाणे, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढाच उपचार असतो. सूज दिसायच्या दोन दिवस आधीपासून नंतरचे पाच दिवस रोगी इतरांना संसर्ग देऊ शकतो, म्हणून ते पाच दिवस तरी मुलाला शाळेत पाठवू नये. संसर्ग झालेल्या कित्येकांना गाल सुजतच नाहीत, पण तेही विषाणू पसरवतात.

लहान मुलाच्या बाबतीत गोष्ट बहुधा येथेच संपते. वयात आलेल्या मुलाची किंवा पुरुषाची तशी संपेलच असे नाही. एकोणीस वर्षांच्या, लस न घेतलेल्या तरुणाचे सर्वसाधारण चित्र असे असते : गाल सुजून पाच-सहा दिवस झाले, सूज उतरू लागली, तापही गेला. मग अचानक पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, मळमळ सुरू होते आणि एका बाजूचा वृषण, म्हणजे बोलीत गोटी, दुखू लागतो. दिवसभरात तो दुपटीहून मोठा होतो, वरची त्वचा लाल आणि गरम होते, चालणे कठीण होते. ही वृषणदाहाची लक्षणे. लस न घेतलेल्या, वयात आलेल्या पुरुषांना गालगुंड झाला तर त्यांच्यातल्या सुमारे 15 ते 30 टक्क्यांना तो होतो.

अशा वेळी लाजेने दुखणे दडवले जाते आणि तेथेच घात होतो, कारण वृषणाला पीळ पडला तरी दुखणे असेच असते. पिळात रक्तपुरवठा तुटतो आणि सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर वृषण वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. डॉपलर सोनोग्राफीत हा फरक दिसतो : दाहात रक्तप्रवाह वाढलेला, पिळात तो नाहीसा झालेला. त्यामुळे नुकताच गालगुंड झाला आहे हे माहीत असले तरी वृषण अचानक दुखू लागल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पीळ नाही हे ठरल्यावर मग वेदनाशामक औषध, बर्फाचा शेक आणि लंगोटासारखा आधार देऊन झोपून राहणे पुरते. सूज आठवडाभरात उतरते, दुखरेपणा मात्र काही आठवडे रेंगाळतो.

वृषणावर एक जाड, न ताणणारे आवरण असते. आतला भाग सुजतो, पण त्याला फुगायला जागा मिळत नाही. दाब वाढतो आणि शुक्रजंतू तयार करणाऱ्या नाजूक नलिका चेपल्या जातात. म्हणूनच वृषणदाह झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा तो वृषण पुढे काहीसा आकसतो. तरीही वंध्यत्व क्वचितच येते, कारण बहुतेकदा एकच वृषण सुजतो आणि दुसरा काम निभावून नेतो. दोन्ही सुजल्यास शुक्रजंतूंची संख्या बऱ्याच काळासाठी घटू शकते. एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून वीर्यतपासणी आजारानंतर लगेच करून उपयोग नाही. तीन महिने तरी थांबावे लागते. गालगुंड झाला म्हणजे मुलगा बाप होणार नाही ही समजूत चुकीची आहे, आणि तिने अनेक घरांत विनाकारण भीती पेरली आहे.

बहिरेपणा याहून दुर्मीळ, पण भरून न येणारा. विषाणू अंतर्कर्णात, शंखासारख्या कॉक्लियात पोचून ध्वनी ग्रहण करणाऱ्या पेशी नष्ट करतो, आणि या पेशी पुन्हा उगवत नाहीत. जुन्या पुस्तकांत 20 हजार रुग्णांत एक असे प्रमाण दिले जाई. जपानमध्ये मुलांची श्रवणचाचणी मुद्दाम करून पाहिली तेव्हा ते सुमारे हजारात एक निघाले. हा फरक समजण्यासारखा आहे. बहिरेपणा बहुधा एकाच कानाला येतो, दुसऱ्या कानाने मूल सगळे ऐकते, बोलते, शाळेत जाते. कुणाच्या लक्षात येत नाही. कधी तरी फोन एका कानाला लावल्यावर ऐकू येत नाही असे ते सांगते, किंवा हाक कोणत्या बाजूने आली हे त्याला उमगत नाही, आणि मग शोध लागतो. गाल किती सुजला यावर कानाचे भवितव्य ठरत नाही. अजिबात सूज न आलेल्या मुलाचाही कान जाऊ शकतो.

कानात गुणगुण, चक्कर, तोल जाणे किंवा एका बाजूने कमी ऐकू येणे यांपैकी काहीही आजाराच्या दिवसांत दिसले तर लगेच कानाच्या डॉक्टरकडे जावे. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइड देतात, पण गालगुंडाने गेलेले ऐकणे त्याने क्वचितच परतते. लक्षण नसले तरी आजारानंतर मुलाचा एकेक कान झाकून हळू बोलून पाहावे आणि शंका आल्यास ऑडिओमेट्री करावी. फार लहान बाळासाठी बेरा ही चाचणी असते. एक कान गेलेल्या मुलाला वर्गात चांगला कान शिक्षकांकडे येईल असे पुढे बसवले तर त्याचे बरेच नुकसान टळते.

या दोन्ही गुंतागुंती टाळण्याचा मार्ग एमएमआर लस हाच आहे. अमेरिकेत मॉरिस हिलमन यांनी 1963 मध्ये आपल्या आजारी मुलीच्या घशातून विषाणू घेतला आणि त्यातून घडवलेल्या लसीला 1967 मध्ये मान्यता मिळाली. भारताच्या सरकारी लसीकरणात मात्र गोवर-रुबेलाची एमआर लस दिली जाते, तिच्यात गालगुंडाचा घटक नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षे अशा तीन वेळी एमएमआर सुचवते, आणि ती खासगी दवाखान्यात घ्यावी लागते. तेव्हा मुलाच्या कार्डावर एमआर लिहिले आहे की एमएमआर, हे पालकांनी वाचून पाहावे. लस घेतलेल्यालाही कधी कधी गालगुंड होतो, पण अशांना वृषणदाह आणि बहिरेपणा पुष्कळ कमी होतो.