आपल्या लॅपटॉपवर भाषा-मॉडेल (भाग ४) : ८ जीबीचा हिशेब

गेल्या आठवड्यात आपण llama.cpp लॅपटॉपवर उतरवून घेतलं. आज एकच प्रश्न सोडवू: ८ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर लामा ३.१ चं ८ अब्ज वेट्सचं मॉडेल चालेल का? चालेल, पण रॅमचा हिशेब आधी मांडायला हवा.

मूळ मॉडेलमध्ये प्रत्येक वेट १६ बिटांचं असतं. म्हणजे नुसत्या वेट्सनाच १६ जीबी हवेत. क्वांटायझेशनमध्ये ३२-३२ वेट्सचे गट पाडून प्रत्येक गटाला एक सामाईक स्केल देतात, त्यामुळे एकेक वेट ४ बिटांत मावतं. Q4_K_M प्रकारात काही नाजूक भाग ६ बिटांवर ठेवतात. ही फाइल ४.९ जीबीची होते आणि उत्तरांचा दर्जा फारसा ढळत नाही. त्याहून खाली, २ बिटांवर गेलं की मात्र घसरण लगेच जाणवते.

बरेच जण हिशेब इथेच थांबवतात आणि फसतात, कारण संभाषण लक्षात ठेवायलाही रॅम लागते. या मॉडेलचे ३२ थर प्रत्येक टोकनमागे १२८ केबी माहिती जपून ठेवतात. ४०९६ टोकनांचा कॉन्टेक्स्ट धरला तर अर्धा जीबी जातो, ८१९२ चा धरला तर एक जीबी. मॉडेलची पूर्ण क्षमता १,३१,०७२ टोकनांची आहे. तेवढी मागितली तर १६ जीबी लागतील!

ऑपरेटिंग सिस्टिमला दोन जीबी सोडा, वेट्सना ४.९ द्या, उरतो जेमतेम एक. म्हणून ब्राउझर बंद करून असं चालवा:

```
llama-cli -m Meta-Llama-3.1-8B-Instruct-Q4_K_M.gguf -c 4096 -t 4
```

`-c` म्हणजे कॉन्टेक्स्ट. `-t` पुढे प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कोअरची संख्या लिहायची.

रॅम कमी पडली तरी प्रोग्राम बंद पडेलच असं नाही. फाइलचे न मावणारे भाग तो पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचत राहतो. एकेक टोकन काढायला जवळजवळ सगळी वेट्स वाचावी लागत असल्याने वेग कोसळतो. प्रोसेसर निवांत, डिस्क मात्र सतत व्यग्र, असं टास्क मॅनेजरमध्ये दिसलं की समजावं, रॅम पुरलेली नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक धरून चालावं. तोच मजकूर इंग्रजीपेक्षा मराठीत बरीच जास्त टोकनं घेतो, त्यामुळे ४०९६ लवकर भरतात. लांब मजकूर हाताळायचा असेल तर लामा ३.२ चं ३ अब्जांचं मॉडेल घ्या. त्याची Q4_K_M फाइल दोनच जीबीची आहे. टोकनमागचा खर्च मात्र ११२ केबी, म्हणजे जवळपास तेवढाच. तेव्हा वेट्समध्ये वाचलेल्या तीन जीबींतून ८१९२ किंवा १६,३८४ चा कॉन्टेक्स्ट आरामात बसतो. मोठं मॉडेल की लांब कॉन्टेक्स्ट, हे काम पाहून ठरवावं.

पुढच्या भागात : लांब दस्तऐवजाचे तुकडे कसे पाडायचे.