स्नेहसंमेलनातील स्वागतपर भाषणाची संहिता

महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाने करावयाचे स्वागत आणि प्राचार्यांनी करावयाचे प्रास्ताविक ही दोन भिन्न कार्ये असल्यामुळे, वर्षाचा अहवाल व पाहुण्यांचा सविस्तर परिचय यांचा मजकूर स्वागताच्या संहितेत शिरला, म्हणजे तोच तपशील श्रोत्यांना पुन्हा ऐकावा लागतो आणि सभा कंटाळते. संहिता सुमारे तीनशे शब्दांची, म्हणजे तीन मिनिटांची असावी; संबोधनाचा क्रम समारंभाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, प्राध्यापक, पालक व विद्यार्थी असा ठेवावा, आणि नावे व हुद्दे आदल्या दिवशी कार्यालयातून पडताळून घ्यावेत.

भामरागडसारख्या ठिकाणी, जेथे हजर पालकांपैकी पुष्कळांची मातृभाषा माडिया असते, तेथे केवळ संस्कृतप्रचुर मराठीत केलेले स्वागत मंचापुरतेच उरते, म्हणून आरंभ असा करता येईल: “सर्वांना जोहार! पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमाजवळील या गावी आपण दूरदूरच्या पाड्यांवरून आलात. विद्यार्थी परिषदेच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.” यानंतर माडिया बोलणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने पालकांना उद्देशून दोन वाक्ये त्यांच्या भाषेत बोलावीत. लिहिताना शोभणारे दीर्घ वाक्य बोलताना श्वास तोडते. सबब संहिता मोठ्याने वाचून पाहावी, जेथे अडखळते तेथे वाक्य तोडावे, आणि अखेरीस सूत्रसंचालकाकडे कार्यक्रम सोपवावा.