गॅस आधी, वाटणी नंतर

मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवणारा प्रत्येक जण गाडीचा मालक नसतो. काही चालक मालकाला रोजचं ठरलेलं भाडं देतात, तर काही ठिकाणी गॅसचा खर्च वजा करून उरलेली रक्कम दोघं निम्मी-निम्मी वाटून घेतात.

समजा, एका पाळीत २,२०० रुपये धंदा झाला आणि गाडी १५० किलोमीटर धावली. किलोला २० किलोमीटर धरले तर साडेसात किलो सीएनजी लागला. ८० रुपये दराने ६०० रुपये. उरले १,६००, म्हणजे चालकाला ८०० आणि मालकाला ८००. मालकाच्या वाट्यातून विमा, परवाना, टायर आणि दुरुस्ती निघते.

हाच गॅस चालकाच्या माथी मारला, तर त्याच्या १,१०० मधून ६०० जाऊन हाती ५०० उरतात. म्हणून ‘निम्मं’ म्हणजे कशाचं निम्मं, हे आधीच बोलून घ्यावं.

खरी गोम रिकाम्या फेरीत असते. गिऱ्हाइकाविना ४० किलोमीटर जास्त फिरलं, की १६० रुपयांचा गॅस जळतो आणि दोघांचेही ८० रुपये जातात. मग मालकाला संशय येतो. त्यावर उपाय सोपा आहे: पाळी सुरू होताना टाकी फुल, संपताना पुन्हा फुल, आणि पावतीसोबत किलोमीटरची नोंद. सरासरी अचानक घसरली, तर आधी गाडी गॅरेजात दाखवावी, चालकावर आळ नंतर घ्यावा.

चलन कोण भरणार, हेही पहिल्याच दिवशी ठरवा.