सरांना शिफारसपत्र मागताना

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचा हंगाम सुरू झाला की मार्केटिंगच्या प्राध्यापकांकडे एकाच छापाचे मेल येऊ लागतात. ‘सर, मी मास्टर्ससाठी अर्ज करतेय, प्लीज एलओआर द्याल का?’ खाली नाव, रोल नंबर, बॅच. सरांच्या वर्गातून दर वर्षी साठ-सत्तर मुलं बाहेर पडतात, त्यामुळे चेहरा आठवला तरी काम आठवत नाही. इकडे विद्यापीठ मात्र नेमकं कामाबद्दलच विचारतं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या फॉर्मवर तर विश्लेषण, लेखन, गटात काम करणं अशा एकेका गुणासाठी हा विद्यार्थी वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत बसतो की दहा, हे सरांना खूण करून सांगावं लागतं. हाती रोल नंबराखेरीज काहीच नसेल तर चांगले सरही ‘मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’ एवढंच लिहितात, आणि असं पत्र निवड समितीच्या काही कामाचं नसतं.

म्हणून पत्र मागणाऱ्या पत्रातच सरांना लिहिण्याजोगं काही मिळायला हवं. पुण्यातल्या एका बीबीएच्या विद्यार्थिनीचं उदाहरण धरू. तिला ब्रिटनमध्ये एक वर्षाचं मार्केटिंगचं एमएससी करायचंय. तिनं सरांना असं लिहिलं तर?

‘आदरणीय सर, चौथ्या सेमिस्टरला तुम्ही आम्हाला मार्केटिंग रिसर्च शिकवत होतात. आमच्या गटानं एका घरगुती मसाला उद्योगाची दहा रुपयांची पुडी का खपत नाही, याचा अभ्यास केला होता. प्रश्नावली मी तयार केली होती. पहिल्या फेरीत “हा मसाला तुम्हाला आवडतो का?” असं विचारल्यावर जवळपास सगळे हो म्हणाले. अशा प्रश्नाला कोणी नाही म्हणत नाही, हे तुम्ही दाखवून दिलंत. मग मी “गेल्या महिन्यात कोणता मसाला घेतलात, किती आणि कुठून?” असे प्रश्न केले आणि दोन बाजारांतल्या ११० ग्राहकांना पुन्हा भेटले. पुडी दुकानात समोर मांडलेलीच नसते, कारण तिच्यावर दुकानदाराला फारसं सुटत नाही, हे त्यातून कळलं. या विषयात मला ए प्लस मिळाला. तुमच्याच कन्झ्युमर बिहेवियरमध्ये बी प्लस आहे. या कामाच्या आधारे तुम्ही माझ्यासाठी शिफारसपत्र लिहू शकाल का? जमणार नसेल तर तसं जरूर सांगा, मी वेळेत दुसरी सोय करेन.’

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला ती फसलेली प्रश्नावली वाटते. ए प्लस तर गुणपत्रिकेत छापलेलाच असतो. पण चूक दाखवल्यावर मुलगी पुन्हा बाजारात गेली, याचे साक्षीदार एकटे सर आहेत, आणि संशोधनाची तयारी आहे का, हे समितीला अशाच प्रसंगातून कळतं. गटाच्या प्रकल्पात आपला वाटा कोणता, हेही तिनं नीट वेगळं सांगितलं. ‘आम्ही सर्व्हे केला’ एवढंच लिहिलं असतं तर सरांना तिच्या नावावर काहीच टाकता आलं नसतं.

ग्रेड सांगताना विषय आणि सेमिस्टर लिहावं, सोबत गुणपत्रिकेची प्रत जोडावी. दहाचा सीजीपीए आपल्या हिशेबानं चारच्या मापात बसवू नये, कारण प्रत्येक विद्यापीठाची पद्धत वेगळी असते आणि सरांच्या पत्रातला आकडा अर्जातल्या आकड्याशी जुळला नाही तर विनाकारण शंका येते. बी प्लस लपवण्यातही अर्थ नाही. समितीसमोर गुणपत्रिका असतेच, आणि सरांना आधीच माहीत असेल तर ते त्याबद्दल दोन वाक्यं लिहू शकतात.

आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर्रास सांगितलं जातं. मुलं मग दोन प्राध्यापकांची दोन पत्रं स्वतःच लिहितात आणि दोन्हींत तीच विशेषणं, तीच वाक्यरचना उतरते. वाचणाऱ्याला ते चटकन कळतं. सरांनी असं सांगितलंच तर तयार मसुद्याऐवजी वरच्यासारखी टिपणं द्यावीत आणि पत्र त्यांनाच लिहू द्यावं. अमेरिकेच्या अर्जात एक प्रश्न असतो: पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? १९७४ च्या तिथल्या कायद्यानं विद्यार्थ्याला हा हक्क दिलाय. बहुतेक जण तो सोडतात, कारण मग सर मोकळेपणानं लिहितात आणि वाचणाराही त्या शब्दांवर अधिक भरवसा ठेवतो.

विनंती मुदतीच्या निदान महिनाभर आधी जावी. सरांनी होकार दिला की विद्यापीठांची नावं आणि प्रत्येकाची शेवटची तारीख एकाच मेलमध्ये पाठवावी, प्रकल्पाचा अहवाल आणि बायोडेटा जोडावा. अर्जात सरांचा कॉलेजचा ईमेल द्यावा, कारण खासगी पत्ता अनेक विद्यापीठं स्वीकारत नाहीत. पत्र अपलोड करायची लिंक विद्यापीठाकडून थेट सरांना जाते आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडून राहते. म्हणून अर्जात त्यांचं नाव भरलं त्याच दिवशी ‘सर, आज लिंक येईल’ असं कळवावं, आणि आठवडाभरानं पोर्टलवर पत्र पोहोचल्याची नोंद दिसते का, ते पाहावं.