उन्हाचा धक्का

सूर्यप्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे आणि ती ऊर्जा वाहून आणते. पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाबाहेर, प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 1361 वॅट. ही तीव्रता लहरीतल्या विद्युतक्षेत्राच्या कमाल मूल्यावरून, म्हणजे आयामावरून, ठरते:

I = ½ε₀cE₀²

क्षेत्र सतत वरखाली होत असल्याने सरासरी काढताना ते ½ येते. आयाम दुप्पट झाला, की तीव्रता चौपट होते. उलट हिशेब केला, तर उन्हाचे E₀ मीटरला साधारण 1000 व्होल्ट निघते.

ही लहर संवेगही आणते. तीव्रतेला प्रकाशाच्या वेगाने भागले, की काळ्या पृष्ठभागावरचा दाब मिळतो. आरसा प्रकाश परत फेकतो, म्हणून त्याच्यावर दुप्पट दाब पडतो: चौरस मीटरला जेमतेम 9 मायक्रोन्यूटन.

जपानने 2010 मध्ये सोडलेल्या इकारोस यानाचे शीड 14 मीटर बाजूचे चौरस होते, म्हणजे 196 चौरस मीटर. आदर्श आरसा सूर्यासमोर सरळ धरला, तर बल सुमारे 1.8 मिलिन्यूटन यायला हवे. प्रत्यक्षात मोजले गेले 1.12. शीड थोडे कलते असते, त्याला सुरकुत्या पडतात आणि काही प्रकाश ते शोषून घेते, त्यामुळे बल आदर्श आकड्याहून कमीच भरते. यानाचे वस्तुमान सुमारे 310 किलो, त्यामुळे दिवसभरात वेग सेकंदाला जेमतेम 30 सेंटिमीटरने बदलतो. पण इंधन लागत नाही, आणि हा धक्का रोज मिळतो. सूर्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, तर मात्र तो चौथाईवर येतो.